फोटोचे काळे कोपरे: कातरायचे कधी, किती आणि कुठून

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या टेबलावर दर लग्नसराईत आणि दर गणपतीनंतर हाच आजार येतो. "फोटो छान आलाय, फक्त कोपरे काळे आहेत, तेवढे उडवून द्या." तेवढे उडवताना घरातल्या कुणाचा तरी कोपर, नाहीतर मागच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकंही उडतं, आणि मग फोटो परत येतो. इतक्या वेळा हे निस्तरलंय की आता क्रम ठरून गेला आहे. फुकट आणि सोप्या तपासण्या आधी, खर्चाच्या आणि कटकटीच्या नंतर. तोच इथे मांडतो.

आधी लक्षणं

काळे कोपरे दोन जातींचे असतात आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या जातीत चारही कोपऱ्यांत जवळजवळ काळे तुकडे दिसतात, आणि त्यांची आतली कड गोलाकार असते, जणू नळीतून पाहून फोटो काढलाय. झूम पूर्ण मागे, म्हणजे जास्तीत जास्त दृश्य मावेल असा ठेवला की हे दिसतं. थोडा पुढे आणला की नाहीसं होतं. इथे लेन्सच्या पुढे काहीतरी आडवं आलेलं असतं.

दुसऱ्या जातीत कड सापडतच नाही. मधून कोपऱ्याकडे जाताना उजेड हळूहळू उतरत जातो. आकाश, पांढरी भिंत किंवा मांडवाचं पांढरं कापड मागे असेल तर लगेच कळतं, झाडी मागे असेल तर वर्षभर कळत नाही. हा लेन्सचा स्वभाव आहे, बिघाड नाही.

काळेपणा एकाच बाजूच्या एकदोन कोपऱ्यांत असेल तर बहुतेक वेळा लेन्सच्या तोंडावर उन्हाला आडोसा म्हणून लावतात तो हूड वाकडा बसलेला असतो.

आणि तीन गोष्टी अशा, ज्या लोक याच नावाखाली घेऊन येतात पण त्या या नव्हेत. फोटोच्या खालच्या कडेला मधोमध अर्धगोल सावली असेल तर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या फ्लॅशसमोर लेन्सचा हूड आला होता. एका लांब कडेला सरळ काळा पट्टा असेल आणि फ्लॅश वापरला असेल, तर शटरचा वेग फ्लॅशला झेपेल त्याहून जास्त ठेवला गेला. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा सेकंदाच्या १/१६० ते १/२५० भागाच्या आसपास असते. आणि निळ्या आकाशात एका बाजूला गडद ढग पसरल्यासारखं दिसत असेल तर ते पोलरायझर फिल्टरचं काम. रुंद दृश्यात आकाशाचा एक भाग तो जास्त गडद करतो आणि दुसरा कमी. या तिन्हींना कोपरे कातरून काही होत नाही, म्हणून इथेच वेगळे काढा.

पहिली तपासणी: मूळ फाइलमध्ये काळेपणा आहे का?

हसू नका. माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण इथेच बरे होतात. फोनमधल्या एखाद्या ॲपने "जुना फोटो" किंवा "सिनेमा" असा फिल्टर लावताना कडा मुद्दाम गडद केलेल्या असतात, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तीच प्रत फिरत असते. मूळ फाइल फोनच्या गॅलरीत किंवा कार्डावर शोधा. तिचे कोपरे स्वच्छ असतील तर कातरायची गरजच नाही.

फोनवरच काढलेल्या मूळ फोटोत कोपरे काळे असतील तर फोनचं कव्हर काढून तीच जागा पुन्हा टिपा. कव्हरचं भोक जरा सरकलेलं असलं तर फोनचा रुंद दृश्य घेणारा कॅमेरा सगळ्यात आधी तक्रार करतो, कारण त्याला बाजूचं सगळ्यात जास्त दिसतं.

मूळ फाइल हवी त्याला आणखी एक कारण आहे. पुढे आपण काळेपणाचा गोल मोजणार आहोत आणि त्या गोलाचा मध्य मूळ चौकटीच्या मध्यावर असतो. कुणी आधीच एकदा कातरलेली प्रत घेतली तर तो मध्य सरकलेला असतो, मग सगळी मापं चुकतात.

दुसरी तपासणी: काळं आहे की नुसतं अंधारलेलं?

संगणकावर जिम्प उघडा. फुकट आहे आणि या कामाला पुरतो. रंग उचलायचं ड्रॉपर घेऊन अगदी कोपऱ्यात टेकवा. ० म्हणजे ठार काळं आणि २५५ म्हणजे पांढरं. आकडे दहाच्या आत असतील तर त्या जागी प्रकाश पोचलाच नव्हता. तिथे उजळवायला काही शिल्लक नाही. ओढूनताणून उजळलं तर रंगीत दाणे वर येतात. हा भाग कातरायचाच.

आकडे साठ-सत्तरच्या आसपास असतील आणि शेजारच्या तशाच वस्तूचे शंभर-सव्वाशे, तर चित्र तिथे आहे, फक्त मंद आहे. हे कातरू नका. कातरून फायदा फारसा होतही नाही, कारण उतार मधूनच सुरू झालेला असतो. जितकं कापाल तितका नवा कोपरा पुन्हा थोडा मंदच राहतो. यावर उपाय लेन्सच्या प्रोफाइलचा, म्हणजे त्या लेन्सचा उजेड कुठे किती उतरतो याच्या तयार नोंदीचा. डार्कटेबलमध्ये `lens correction` नावाचा विभाग आहे, लाइटरूममध्ये `Enable Profile Corrections` ची खूण आहे. लेन्स ओळखली गेली की उजेडाचा उतार उलटा भरून निघतो. पुढच्या वेळी फोटो काढताना लेन्सचं छिद्र एफ/३.५ ऐवजी एफ/८, म्हणजे लहान, ठेवलं तर हा उतार बराचसा मुळातच कमी होतो.

उलट पहिल्या जातीतलं काळं छिद्र लहान केल्याने जात नाही. त्याची कड उलट आणखी धारदार होते. घरी दोन जातींचा निवाडा करायचा हा हुकमी मार्ग आहे: पांढऱ्या भिंतीचे दोन फोटो, एक एफ/३.५ वर, एक एफ/११ वर. दुसऱ्यात कोपरे सुधारले तर लेन्सचा स्वभाव, कड अधिक ठळक झाली तर पुढे काहीतरी आडवं आहे.

तिसरी तपासणी: आडवं काय आलंय?

झालेल्या फोटोला याचा उपयोग नाही, पण पुढचे दोनशे फोटो वाचतात. हूड काढा, भिंत टिपा. मग वरचा फिल्टर काढा, भिंत टिपा. मग आतला. कुठल्या पायरीला कोपरे स्वच्छ झाले तो गुन्हेगार.

बहुतेक वेळा दोन फिल्टर एकावर एक चढवलेले सापडतात. काच जपायला कायमचा बसवलेला एक, आणि त्याच्यावर आकाश निळं करायला घेतलेला पोलरायझर. पोलरायझरला फिरणारी कडी असते म्हणून तो मुळातच जाड. दोन कड्या मिळून लेन्सच्या तोंडावर छोटी भिंत उभी राहते आणि झूम पूर्ण मागे, १८ मिलिमीटरला असताना कोपऱ्याकडून येणारा तिरका प्रकाश ती अडवते. कॅमेऱ्यातली कोपरे उजळवायची सोय इथे मदत करत नाही, कारण ती लेन्सचा उतार ओळखते, तुम्ही वर काय चढवलंय ते तिला ठाऊक नसतं.

भिंतीचा तो काळ्या कोपऱ्यांचा फोटो मात्र पुसू नका. लगेच लागणार आहे.

चौथी: माप घ्या, नजरेवर जाऊ नका

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

उदाहरण घरचंच घेऊ. जानेवारीत आमच्या आत्याच्या साठीला सगळं गणगोत कमाटी बागेत जमलं. म्युझियमची इमारत मागे, पुढे हिरवळ, मधे बावीस माणसं. भाच्याने नवा पोलरायझर जुन्या फिल्टरवरच चढवला आणि १८ मिलिमीटरवर फोटो घेतला. आकाश सुरेख निळं आलं आणि चार कोपरे कोळशासारखे. "मामा, जरा क्रॉप मारा ना, दोन मिनिटांचं काम," असं म्हणून त्याने कार्ड माझ्या हातात दिलं. तो स्वतः फोनवर एकदा मारून बसला होता. त्यात आत्याच्या धाकट्या दिरांचा हात दंडापासून गेला होता आणि तरी वरच्या दोन्ही कोपऱ्यांत राखाडी चंद्रकोर उरलीच होती.

चंद्रकोर उरते कारण काळ्याच्या आत एक अर्धवट अंधाराची पट्टी असते. फोनच्या चकचकीत पडद्यावर ती दिसत नाही. पांढऱ्या कडेचा कागद शेजारी आला की लख्ख दिसते. तेव्हा तिची हद्द आधी शोधायची.

जिम्पमध्ये फोटोची एक प्रत उघडा आणि `Colors → Threshold` वर जा. चित्र नुसतं काळं-पांढरं होईल. खालची सरकपट्टी हळूहळू हलवा, कोपऱ्यांतला काळा भाग अर्धवट पट्टीसकट वेगळा दिसेपर्यंत. मागे गडद झाडं असतील तर कोपरा झाडांत मिसळतो आणि हद्द कळत नाही. तेव्हा भिंतीचा तो फोटो कामाला येतो: तोच झूम, तेच छिद्र, तेच फिल्टर, त्यामुळे गोलही जवळपास तोच. त्याच्यावर माप घ्या.

आता प्रत्येक कोपऱ्यात दोन अंतरं मोजा. कोपऱ्यापासून लांब कडेवर काळं कुठवर जातं, आणि आखूड कडेवर कुठवर. चारही कोपऱ्यांची मापं घेऊन सगळ्यात वाईट ती धरा, कारण हात स्थिर ठेवणारी यंत्रणा चालू असेल तर गोल थोडासा एका बाजूला सरकलेला असू शकतो.

भाच्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा होता. लांब कडेवर, म्हणजे वर आणि खाली, काळं कोपऱ्यापासून ३७५ पिक्सेलवर संपत होतं. आखूड कडेवर, डावीउजवीकडे, ते ६२५ पर्यंत उतरलं होतं. काळ्याची हद्द हा गोल आहे आणि फोटोची चौकट आडवी आहे, म्हणून हा फरक पडतो. आपल्या डोळ्याला मात्र दोन्ही सारखेच वाटतात.

या दोन आकड्यांतच अर्ध उत्तर आहे. नुसत्या डावीउजवीकडून ३७५-३७५ कापले तर चारही कोपरे स्वच्छ होतात आणि ५२५० बाय ४००० उरतं. आठवा हिस्सा गेला. नुसतं वरखालून स्वच्छ करायचं म्हटलं तर ६२५-६२५ जातात, ६००० बाय २७५० उरतं आणि जवळजवळ एकतृतीयांश फोटो हातचा जातो. तरी लोक आधी वरखालूनच कापतात, कारण वर आकाश आणि खाली गवत "रिकामं" दिसतं. कोपरे बाजूंनी कापणं स्वस्त असतं, हे एकदा मनात बसलं की निम्मे फोटो वाचतात.

पाचवी: आकार आधी कागदावर ठरवा

पण बाजूंनी किती कापायचं ते दोन गोष्टींवर अडतं. बाजूला माणूस कुठे उभा आहे, आणि प्रिंट कुठल्या मापाची हवी.

आपल्याकडच्या लॅबमध्ये १२ बाय १५ आणि ८ बाय १० ही दोन मापं सर्रास मिळतात, आणि दोघांचा आकार सारखाच, पाचास चार. १२ बाय १८ आणि ४ बाय ६ हे तिनास दोन, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ चौकटीसारखे. काळ्या कोपऱ्यांच्या फोटोला पाचास चार हा आकार देवासारखा धावून येतो, कारण तो बाजूंनीच कापतो. ६००० बाय ४००० मधून त्याला ५००० बाय ४००० लागतात. दोन्ही बाजूंनी ५००-५००. आपल्याला हवे होते ३७५, म्हणजे १२५ चं मार्जिनही मिळालं. वरखाली एकही पिक्सेल जात नाही. १५ इंचांत ५००० पिक्सेल म्हणजे इंचाला ३३३, छपाईला भरपूर.

आत्याच्या फोटोत मी आधी हाच चौकोन टाकून पाहिला. डाव्या टोकाला उभ्या असलेल्या काकांचा कोपर कडेपासून ४३० पिक्सेलवर होता. ५०० कापले की कोपर गेलाच. चौकोन डावीकडे सरकवावा तर डावे कोपरे पुन्हा काळ्यात शिरतात. बरोबर ३७५ वर थांबावं तर कोपर कडेला चिकटल्यासारखा, आणि लॅबच्या यंत्रात कागद किंचित सरकला तरी काळी रेघ दिसणार.

मग वरखालीकडे पाहिलं. वर इमारतीच्या टोकाच्या वर २६० पिक्सेल आकाश होतं, खाली गवत त्याहून जास्त. थोडं वरखालूनही कापलं की बाजूंची मागणी झपाट्याने घटते. वरखाली २०० दिले तर बाजूंना ३७५ ऐवजी २३५ पुरतात. म्हणून मूळचाच तिनास दोन आकार ठेवला आणि ५४०० बाय ३६०० घेतलं: बाजूंनी ३००-३००, वरखाली २००-२००. कोपराबाहेर १३० पिक्सेल मोकळे, इमारतीच्या टोकावर ६०, आणि काळ्यापासूनही अंतर. १८ इंचांच्या प्रिंटला इंचाला बरोबर ३०० पिक्सेल मिळतात. फोटोचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला, पण त्यात माणूस एकही नव्हता.

टोकावरचे ६० पिक्सेल मला जरा कमीच वाटले होते. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "इमारत कोण बघतंय रे, माणसं पूर्ण आहेत ना?"

सहावी: आता कातरा

क्रम महत्त्वाचा आहे. फोटो तिरका असेल तर आधी सरळ करा. इमारतीच्या भिंती आत झुकलेल्या सरळ करायच्या असतील किंवा लेन्सचा बाक काढायचा असेल, तर तेही आधी, आणि त्यानंतर पुन्हा माप घ्या, कारण या दोन्ही कामांत काळं जागचं हलतं. नुसतं फिरवल्याने गोल हलत नाही, मात्र चार कोपऱ्यांत रिकामे पाचर तयार होतात. बारीक फिरवणं असेल, दीड अंशापर्यंत, तर वरच्या ५४०० बाय ३६०० च्या चौकोनाबाहेरच ते पाचर पडतात, आणि एकाच कापात दोन्ही जातात. आधी कातरून मग फिरवलं तर दुसऱ्यांदा कातरावं लागतं. मी हे स्वतः इतक्या वेळा केलंय की कबूल करायला लाज वाटते.

जिम्पमध्ये `Shift+C` दाबलं की कातरायचं हत्यार येतं. बाजूच्या पर्यायांत `Fixed` ला खूण करा, त्याच्या शेजारी `Size` निवडून `5400x3600` लिहा. मग फोटोवर कुठेही ओढा आणि `Position` मध्ये `300` आणि `200` भरा. चौकोन मधोमध बसतो. आकडेमोड नको असेल तर `Size` ऐवजी `Aspect ratio` निवडा, `3:2` लिहा, `Expand from center` ला खूण करा आणि फोटोच्या मध्यापासून बाहेर ओढत न्या. Threshold लावलेल्या प्रतीवर हे केलं तर चौकोनाचे कोपरे काळ्याला टेकायच्या आधी कुठे थांबायचं ते डोळ्यांनाच दिसतं. तिथले चार आकडे लिहून घ्या आणि खऱ्या फोटोवर भरा. एंटर दाबलं की झालं. `Export As` करून नव्या नावाने ठेवा, मूळ फाइलवर कधीही नाही.

फोनवर करायचं असेल तर ॲपमधल्या `Crop` मध्ये आधी आकार निवडा, 5:4 किंवा 3:2, मगच ओढा. मोकळा आकार ठेवून चार कडा वेगवेगळ्या ओढल्या की असा आडनिडा फोटो होतो जो कुठल्याच कागदावर बसत नाही. मग लॅबचं यंत्र आपल्या मनाने कापतं, आणि तुम्ही वाचवलेला कोपर तिकडे जातो.

एका समारंभाचे साठ-सत्तर फोटो एकाच झूमवर बिघडले असतील तर एकेक कशाला करायचा? संगणकावर इमेजमॅजिक असेल तर `saf` नावाचा फोल्डर करून ही एक ओळ पुरते:

```
magick mogrify -path saf -gravity center -crop 5400x3600+0+0 +repage *.jpg
```

ही ओळ आडव्या फोटोंसाठी आहे. उभे फोटो आधी वेगळ्या फोल्डरात काढा, नाहीतर ४००० रुंदीच्या फोटोतून ५४०० मागितल्यावर विचित्र आकार हातात येतात. आणि झूम बदललेले फोटोही वेगळे: २४ मिलिमीटरच्या फोटोत काळं नसेलच, त्याला कापायचं कारण नाही.

सातवी: झाल्यावर पाहा

कातरलेल्या फोटोची प्रत पुन्हा Threshold मध्ये टाका, किंवा उजेड खूप वाढवून कोपरे पाहा. चारही कोपऱ्यांत चंद्रकोर नसली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात उरली असेल तर चारही बाजूंनी आणखी कापू नका. त्या बाजूची कड तेवढी २०-३० पिक्सेलने आत घ्या आणि आकार टिकवायला समोरच्या किंवा खालच्या कडेत जुळवून घ्या. मग मोठी प्रिंट काढण्याआधी ४ बाय ६ ची एक काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. दहावीस रुपयांत जे कळतं ते १२ बाय १८ वर कळणं महाग पडतं.

काळं सगळं गेलं, पण कोपरे अजून किंचित मंद वाटतात, असंही होतं. आडव्या आलेल्या कडीचा दोष गेला की खाली लपलेला लेन्सचा स्वभाव दिसायला लागतो. तो दुसऱ्या जातीचा, त्याला कात्री नको. प्रोफाइल लावायचं असेल तर ते मूळ न कातरलेल्या फाइलवरच लावा आणि त्यानंतर कातरा, कारण प्रोफाइलही मध्य धरूनच हिशेब करतं.

कुठे थांबायचं

आवश्यक माणूस काळ्याच्या गोलातच उभा असेल, म्हणजे चेहरा किंवा हात अंधारात असेल, तर कातरून तो वाचणार नाही. तिथे कोपरा नव्याने भरावा लागतो, शेजारच्या फोटोतून तुकडा आणून किंवा हाताने रंगवून. ते काम रिटच करणाऱ्याचं. घरी तासभर घालवून गालावर गवताचा डाग उमटवण्यापेक्षा त्याला मूळ फाइल आणि त्याच जागेचे शेजारचे फोटो द्या.

फिल्टर, हूड, कव्हर सगळं काढलं, झूम पुढे आणला, छिद्र लहान केलं, तरी एकाच बाजूला काळं येतंय आणि दर फोटोत जागा बदलतेय, तर शटर किंवा लेन्सच्या आतला भाग सरकलेला असू शकतो. लेन्स हलवली की आत खडखडतंय, झूम करताना अडकतंय, काचेआड जाळ्यासारखी बुरशी दिसतेय, यातलं काहीही असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याकडे जा. भिंतीचे ते फोटो सोबत न्या. समजावून सांगण्यापेक्षा त्यांच्यावरून त्याला लवकर कळतं.

आणि आजीच्या पेटीतला जुना स्टुडिओचा फोटो असेल, कडा गडद करून मधला चेहरा उजळ ठेवलेला, तर त्याला हात लावण्याआधी घरात विचारा. त्या काळी कडा मुद्दाम तशा करायचे. एका घराने तो कागदच कात्रीने कापून माझ्याकडे आणला होता, "कोपरे खराब झाले होते" म्हणून. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का होता. त्याची निम्मी अक्षरं त्या कापलेल्या पट्टीबरोबर केरात गेली होती. असा फोटो न कापता स्कॅन करून घ्या, आणि कागद दुमडलेला, चिकटलेला किंवा सुटत असेल तर स्कॅनही जुन्या कागदांचं काम करणाऱ्याकडून.

भाच्याने आता जुना फिल्टर काढून ठेवलाय. पोलरायझर एकटाच लावला तर त्याच्या लेन्सवर १८ ला कोपऱ्यात अगदी बारीकशी काळी टोकं राहतात, २० ला जातात. त्याने झूमच्या कडीवर २० च्या खुणेशी पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवला आहे.